स्लॉटमध्ये दुसऱ्याची गाडी दिसली की ग्रुपवर काय लिहायचं

अरे, आधी तुझ्या पार्किंग स्लॉटमधल्या त्या गाडीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नकोस, नंबर प्लेट दिसली की नाव लिहायची गरजच उरत नाही आणि मग पार्किंग राहतं बाजूला, भांडण सुरू. पहिल्यांदा वॉचमनला विचार गाडी कोणाची, त्याला इंटरकॉमवर सांगायला लाव, बऱ्याचदा पाहुण्यांचीच असते. तिथे कळलं नाही तरच ग्रुपवर लिही, ते पण गाडीचा रंग-मॉडेल न सांगता: "स्लॉट १४ मध्ये आत्ता एक गाडी उभी आहे, मला साडेआठला माझी लावायची आहे, ज्यांची असेल त्यांनी प्लीज काढावी." एवढंच. "काही लोकांना अक्कल नाही" टाइप वाक्य नको, फ्लोअर किंवा विंगचा उल्लेख नको, त्यावरून सगळ्यांना बरोबर कळतं. गाडी हलली की "थँक्यू, झालं" लिहून विषय बंद कर, नाहीतर रात्रभर लोक अंदाज बांधत बसतात.

परत तेच झालं तर ग्रुपवर लिहीत बसू नकोस. तारीख-वेळ लिहून सेक्रेटरींना पत्र दे, फोटो त्याला जोड आणि पोच घे, कारण कमिटी मीटिंगमध्ये विषय घ्यायला कागदच लागतो, ग्रुपवरचे मेसेज वाहून जातात.