कातडी फुटलेली नसली तरी

“मॅडम, माझी माय अर्धांगवायूनं दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळली आहे. माकडहाडापाशी लालसर डाग पडलाय, पण कातडी कुठं फुटलेली नाही. हळद घातलेलं खोबरेल तेल आम्ही रोज चांगलं चोळतो, खाली हवेची गादीही आणली. कातडी फुटली नाही म्हणजे बेडसोर झाला नाही, असंच ना? आणि रात्री दर दोन तासांनी तिला हलवायलाच पाहिजे का?”

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले शेतकरी होते. अंथरुणावरील रुग्णांच्या घरच्यांना शुश्रूषेविषयी मार्गदर्शन करणे हे माझे काम असल्यामुळे हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्यापुढे वारंवार येतो, आणि त्याच्या पहिल्या भागाचे उत्तर मला नेहमी ‘नाही’ असेच द्यावे लागते. दाबामुळे होणारी इजा वरून आत जात नाही, तर बहुतेक वेळा हाडाजवळ सुरू होऊन वर येते. हाड आणि गादी यांच्यामध्ये चरबी व स्नायू सतत दाबले गेले की त्यांचा रक्तपुरवठा तुटतो, आणि कातडी शाबूत दिसत असतानाच आतील भाग मरू लागलेला असू शकतो. म्हणूनच 2016 मध्ये या विषयातील अमेरिकी तज्ज्ञ मंडळाने ‘व्रण’ हा शब्द सोडून ‘दाबजन्य इजा’ असा शब्दप्रयोग स्वीकारला, कारण पहिल्या पायरीवर व्रण नसतोच.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सून सासूबाईंचे अंग पुसत होती. सासूबाईंचे वय पंच्याहत्तरच्या आसपास, वजन साधारण 45 किलो, उजवी बाजू लुळी, बोलणे अस्पष्ट, पण समज पूर्ण होती. लोखंडी पलंगावर हवेची गादी, तिच्यावर दुहेरी गोधडी, गोधडीवर रेक्झिन आणि त्यावर चादर, अशी अंथरुणाची रचना होती. अंगणात कोण आले-गेले ते दिसावे म्हणून त्यांना दिवसभर तीन उशांवर टेकवून बसते केलेले असे.

प्रथम आम्ही त्यांना डाव्या कुशीवर घेऊन माकडहाड पाहिले. लाल डागावर मी बोट तीन सेकंद दाबून उचलले. दाबाखाली जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली असती तर तेथे रक्त वाहते आहे असे समजता आले असते, पण डाग तसाच लाल राहिला. ही पहिली पायरी होय. मात्र आपल्याकडील सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या कातडीवर हा फिकेपणा सहसा दिसत नाही, आणि डाग लाल दिसण्याऐवजी नुसता अधिक काळसर किंवा जांभळट दिसतो. अशा वेळी डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा. हाताची पाठ डागावर आणि मग शेजारच्या निरोगी कातडीवर ठेवून पाहावे, आणि डागाची जागा जास्त गरम, गार, टणक किंवा भुसभुशीत लागते का, तेथे दुखते का, याची तुलना करावी. आजींच्या डागाची जागा शेजारच्या भागापेक्षा स्पष्टपणे गरम आणि काहीशी टणक होती.

दुसऱ्या पायरीत कातडीचा वरचा थर जातो. तेथे उथळ, ओलसर, गुलाबी जखम किंवा पाण्याने भरलेला फोड दिसतो. तिसऱ्या पायरीत पूर्ण कातडी जाऊन आतली चरबी दिसते आणि चौथ्या पायरीत स्नायू, शिरबंध किंवा हाड उघडे पडते. जखमेचा तळ पिवळ्या किंवा काळ्या मृत थराने झाकलेला असेल तर तो थर निघेपर्यंत खोली कळत नाही, म्हणून तिला कोणतीही पायरी देता येत नाही. याखेरीज एक प्रकार असा आहे की ज्याकडे घरचे लोक हमखास मुका मार समजून दुर्लक्ष करतात, आणि नेमका तोच या घरात सापडला.

मुलाने फक्त माकडहाडाविषयी विचारले होते, पण कोणत्याही एका जागी डाग असेल तर डोक्याच्या मागच्या भागापासून टाचेपर्यंत सर्व हाडाळ जागा पाहिल्याशिवाय मी उठत नाही. आजींच्या उजव्या टाचेखाली सुनेने जुन्या लुगड्याची छान घट्ट चुंबळ करून ठेवली होती, टाच गादीला टेकू नये म्हणून. चुंबळ काढून पाहिले तर टाचेच्या मागच्या बाजूस रुपयाएवढा गडद जांभळा डाग होता, कातडी अखंड होती, आणि बोटाने हलके चाचपले असता तो भाग पिकल्या फळासारखा मऊ लागत होता. ही खोलवरच्या ऊतींची इजा होती. अशी इजा काही दिवसांत उलगडते आणि आतून किती नुकसान झाले आहे ते तेव्हाच कळते, म्हणून ती दिसताच डॉक्टरांना दाखवावी लागते. चुंबळ किंवा बाजारातले रबरी कडे मधली जागा मोकळी ठेवते खरे, पण सारा भार कडेच्या वर्तुळावर येतो आणि मधल्या भागाकडे जाणारे रक्त तेथेच अडते. त्याऐवजी पोटरीखाली लांबीच्या दिशेने उशी द्यावी, गुडघा किंचित वाकलेला असावा आणि टाच पूर्णपणे अधांतरी राहावी. टाच आणि गादी यांच्यामधून कागद सहज सरकला पाहिजे.

माकडहाडाच्या डागाचे मूळ मात्र त्या तीन उशांत होते. टेकवून बसवलेले माणूस हळूहळू पायांकडे घसरते. घसरताना कातडी चादरीला चिकटून जागीच राहते आणि आतले हाड पुढे सरकते, त्यामुळे दोहोंमधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जाऊन पिळवटतात. ही घसरण नुसत्या दाबापेक्षाही घातक ठरू शकते. शिवाय घसरलेल्या आजींना मुलगा काखेत हात घालून वर ओढत असे, आणि त्यात कमरेखालची कातडी पुन्हा घासली जात असे. म्हणून पलंगाचे डोके एरवी 30 अंशांपेक्षा वर ठेवायचे नाही, असे आम्ही ठरवले. याला एक अपवाद ठेवावाच लागतो. अर्धांगवायूच्या रुग्णाला घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्यामुळे जेवताना आणि त्यानंतर सुमारे अर्धा तास त्यांना नीट बसते ठेवणे आवश्यक असते. त्या वेळी आधी गुडघ्यांखाली उशी द्यायची आणि मगच पाठ उचलायची, म्हणजे घसरण थांबते. वर सरकवताना खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल अशी घडीची चादर अंगाखाली ठेवून दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून उचलायचे, ओढायचे नाही. अंगण दिसावे यासाठी आम्ही पलंगच फिरवून दाराकडे तोंड केले.

तेल चोळणे त्याच दिवशी बंद केले. डागाखालच्या रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात आणि चोळल्याने त्या अधिक फुटतात. सुनेला हे पटायला वेळ लागला, कारण चोळणे ही तिच्या दृष्टीने सेवा होती. तिला मी सांगितले की हातापायांच्या कोरड्या कातडीला हलक्या हाताने तेल जरूर लावावे, पण लाल, काळसर किंवा हाड वर आलेल्या जागी कधीही चोळू नये.

हवेच्या गादीवर या कुटुंबाचा मोठा भरवसा होता, पण तिच्यावरची गोधडी आणि रेक्झिन तिचा बहुतेक उपयोग संपवत होते. वर एकच पातळ, सुरकुती नसलेली सुती चादर पुरे. उन्हाळ्यात रेक्झिनवर घाम साचून कातडी भिजते आणि भिजलेली कातडी लवकर सोलते. लघवीसाठी शोषून घेणारा पॅड ठेवावा, तो ओला होताच बदलावा, जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी आणि झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. टाल्कम पावडर घामात गोळा होऊन खरखरीत बनते, म्हणून ती नको. वीज गेल्यावर पंप बंद पडतो आणि गादी हळूहळू बसते, हे आपल्या भागात विसरून चालत नाही. वीज गेल्यावर गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळवा वर करून हात सरकवावा. हात आणि शरीर यांच्यामध्ये साधारण एक इंच आधार जाणवला पाहिजे. हाड हाताला लागत असेल तर गादी असून नसल्यासारखी आहे आणि कूस अधिक लवकर बदलावी लागेल.

रात्रीविषयी बोलायचे तर दोन तास हा सुरुवातीचा अंदाज आहे, अटळ नियम नाही. खरा निर्णय कातडी देते. कूस बदलल्यावर ज्या अंगावर आजी झोपल्या होत्या त्या अंगावरची लाली अर्ध्या तासात गेली तर तेवढी वेळ त्यांना मानवते, राहिली तर मुदत कमी करावी. चांगली गादी असेल आणि कातडी स्वच्छ राहत असेल तर रात्री तीन-चार तासांपर्यंत जाता येते, पण आजींच्या अंगावर डाग असताना ती सवलत देता येत नव्हती. म्हणून रात्री मुलगा, सून आणि नातू यांनी पाळ्या वाटून घेतल्या आणि वेळ व कूस लिहिण्यासाठी भिंतीवर कागद चिकटवला. पूर्ण कुशीवर झोपवले तर खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागे घडी केलेली गोधडी लावून शरीर सुमारे 30 अंशच कलते ठेवायचे, आणि माकडहाडाखाली हात घालून ते गादीवरून सुटले आहे याची खात्री करायची. डाग जाईपर्यंत त्यांना उताणे झोपवायचे नाही, हेही ठरले. दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवायचीच.

आजींचे जेवण म्हणजे वरणाच्या पाण्यात कुस्करलेली अर्धी भाकरी. अशा रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आजींना साधारण 56 ते 68 ग्रॅम. त्यांना मूत्रपिंडाचा त्रास नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतल्यावर आम्ही दिवसभरात दोन अंडी, अर्धा लिटर दूध व दही, घट्ट वरण, दुधात भिजवलेली भाकरी आणि वरणात शिजवलेले बारीक दाण्याचे कूट असे थोडे थोडे पाच-सहा वेळा देण्याचे ठरवले.

माकडहाडाचा डाग आठवडाभरात गेला. टाच मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच उलगडली आणि तिच्यावर काळी, कोरडी, घट्ट खपली धरली. ती काढून टाकावी असे मुलाला वाटत होते, पण पायाच्या नाडीची तपासणी करून डॉक्टरांनी ती तशीच ठेवण्यास सांगितले, कारण टाचेवरची कोरडी व घट्ट खपली आतल्या भागाचे रक्षण करते. ती भिजवायची नाही, तिला औषध चोपडायचे नाही, टाच अधांतरी ठेवायची आणि रोज पाहायचे. खपलीची कड सुटून ओल आली, आजूबाजूस लाली किंवा सूज पसरली, वास आला, ताप आला अथवा आजी नेहमीपेक्षा सुस्त वाटल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मी त्या भिंतीवरच्या कागदाच्या तळाशी सुनेकडून लिहून घेतले.