खोलीतला हत्ती आणि आखाजीचा कागद

“आत्या, आज मीटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, ‘लेट्स अ‍ॅड्रेस द एलिफंट इन द रूम.’ म्हणजे आपला पांढरा हत्तीच ना? मराठीत याला काय म्हणायचं?”

अमळनेर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

पांढरा हत्ती नाही गं. पांढरा हत्ती पोसायला लागतो. खर्च मोठा आणि उपयोग काही नाही, अशी ती वस्तू. तुझ्या साहेबांचा हत्ती म्हणजे असा मोठा, अडचणीचा विषय, जो बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतो, पण तोंडातून कुणीच काढत नाही.

तू सातवीत होतीस ती आखाजी आठवते? तुझे आजोबा गेल्यानंतरची पहिलीच. आम्ही तिघी बहिणी माहेरी आलो होतो. निंबाला झोका बांधला होता, माय खापरावर पुरणपोळ्या टाकत होती, रसाची पातेली भरलेली होती. आणि ओसरीवरच्या कपाटात हक्कसोडपत्राचा कागद होता. आम्ही तिघींनी सह्या केल्या, की शेत तुझे पप्पा आणि काका यांच्या नावावर होणार होतं. 2005 च्या कायद्यानंतर मुलींचाही वाटा मुलांइतकाच, हे दादालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. दोन दिवस आम्ही कापसाचा भाव, कैऱ्या, शेजारचं लग्न असं सगळं बोललो. कुणी कपाट उघडलं की बाकीचे मान खाली घालून पोळी मोडायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मायने चहाची कपबशी ठेवली आणि विचारलं, “भाऊ, त्या कागदनं काय करानं?”

मायने विचारेपर्यंत तो कागद ‘एलिफंट इन द रूम’ होता. विचारल्यावर नाही राहिला. मग भांडण झालं, रडणं झालं, पण त्याला या शब्दप्रयोगाने ओळखता येणार नाही. तो वापरायचा तर तीन गोष्टी एकत्र हव्यात: विषय मोठा, सगळ्यांना ठाऊक, आणि सगळे गप्प. कागदाची गोष्ट एकट्या दादालाच ठाऊक असती, तर ती झाकली मूठ झाली असती. सगळे उघड बोलत असते, पण पुढे व्हायला कुणी धजत नसतं, तर मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची असा प्रश्न असता.

या शब्दांचा अर्थही हळूहळू बदललाय. इव्हान क्रिलोव या रशियन कवीची 1814 मधली एक कथा आहे. तिच्यातला माणूस संग्रहालयात बारीकसारीक किडे पाहून येतो आणि हत्ती मात्र त्याच्या नजरेतूनच सुटतो. पण त्याला हत्ती दिसलाच नाही. आपल्याला कपाट दिसत होतं, म्हणून ही गोष्ट वेगळी. 1959 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने शाळांच्या खर्चाला दिवाणखान्यातल्या हत्तीची उपमा दिली, तीही ‘इतका मोठा की दुर्लक्ष करताच येणार नाही’ या अर्थाने. म्हणजे आजच्या जवळजवळ उलट. पुढे 1980 च्या दशकात, आई-बाप दारू पितात अशा घरांतल्या मुलांसाठी लिहिताना हाच हत्ती आला: घरात सगळ्यांना दिसतो आणि सगळे त्याला वळसा घालून चालतात. आज चालतो तो अर्थ हा.

आता मराठी. वर्तमानपत्रांत ‘खोलीतला हत्ती’ दिसतो, मला तो पटत नाही. आपल्याकडे दारी हत्ती झुलतो तो वैभवाचा, आणि हत्ती म्हटलं की आधी गणपती आठवतो. अडचणीचा विषय म्हणून तो मराठी कानाला लागतच नाही. आधी इंग्रजी माहीत असेल त्यालाच कळतो.

सगळ्यांत जवळची मला वाटते ती ‘अळीमिळी गुपचिळी’. तुम्ही पोरी ओसरीवर खेळताना म्हणायच्या तीच. सगळ्यांनी मिळून गप्प राहण्याचा भाव तिच्यात नेमका आहे. पण ती गप्प बसण्याचं नाव आहे, ज्यावर गप्प बसलोय त्या गोष्टीचं नाही. ‘अवघड जागेचं दुखणं’ हे त्या गोष्टीचं नाव आहे, पण ते एकट्याचंही असू शकतं आणि दुसऱ्या कुणाला दिसत असेलच असं नाही. ‘मूग गिळून बसणं’ही एकट्याला जमतं. या हत्तीला मात्र निदान दोघं तरी लागतात.

म्हणून नामाला नाम शोधत बसू नकोस. वाक्य क्रियापदावर उभं कर. साहेबांचं बोलणं मी असं लिहीन: “जे सगळ्यांना दिसतंय आणि कुणीच बोलत नाही, तो विषय आज काढू या.” आणि घरच्या त्या आखाजीबद्दल लिहायचं तर: “कागदावरून दोन दिवस सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी चालली होती.”

तुझी,
आत्या