लेबलवरचे ५४० वॅट कसे वाचायचे

तू पाठवलेल्या सोलर पॅनलच्या लेबलच्या फोटोत Pmax, म्हणजे कमाल शक्ती, याच्यासमोर ५४० वॅट दिसतंय, पण ते प्रयोगशाळेतलं: दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेल २५ अंशांवर. छतावर सेल सहज ६० अंशांपर्यंत तापतो. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली, तर भर उन्हातही ४७५ च्या आसपासच मिळतील. पॅनल बिघडलंय असं समजू नकोस.

कार्यक्षमता लेबलवर बहुधा नसते; आपणच काढायची. पॅनलचं माप २.२७८ गुणिले १.१३४ मीटर, म्हणजे २.५८ चौरस मीटर. त्यावर १००० वॅटच्या हिशेबाने २५८० वॅट ऊन पडतं, त्यातले ५४० म्हणजे जवळपास २१ टक्के. चांगलं आहे. मात्र छत लहान असेल तर टक्क्यांआधी सव्वादोन मीटरची लांबी टेपने मोजून बघ. टाकीची सावली पडणारी जागा त्यातून वगळ.