डेफर्ड टॅक्स: आधी एकच यंत्र घ्या

सुरुवातीला एकच उदाहरण पक्कं करा. यंत्र ३०० रुपयांचं, घसारा वजा करण्याआधी दरवर्षीचा नफा ५००, कराचा दर ३०%. हिशेबात घसारा तीन वर्षं १००-१००. करकायदा मात्र पहिली दोन वर्षं १५०-१५० देतो, तिसऱ्या वर्षी शून्य.

पहिल्या वर्षी हिशेबातल्या नफ्यावर (४००) कर १२०, प्रत्यक्ष भरणा १०५. उरलेले १५ पुढे भरायचे आहेत, तेच डेफर्ड टॅक्सचं दायित्व. दुसऱ्या वर्षाअखेर ते ३० होतं. तिसऱ्या वर्षी भरणा १५०, हिशेबातला कर १२०च, आणि दायित्व शून्यावर येतं. तिन्ही वर्षांची बेरीज दोन्हीकडे ३६०. ती जुळत नसेल तर चूक शोधा.

नवखे हमखास दोन ठिकाणी अडखळतात:
- घसाऱ्यातल्या फरकाची पूर्ण रक्कम (५०) नोंदवतात. नोंद फक्त त्यावरच्या कराची.
- कधीच वजावट न मिळणाऱ्या दंडावरही डेफर्ड टॅक्स काढतात. तो फरक पुढे उलटत नाही, म्हणून नोंद नाही.

तोट्यावरचा डेफर्ड टॅक्स सध्या बाजूला ठेवा.