शेवटची चढाई आणि आधीच्या तेरा

"अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईत माझी पकड झाली आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. सगळ्यांची मेहनत मी वाया घालवली. सर काही बोलले नाहीत, पण मैदानावर जायची हिंमत होत नाही. माझ्यात मुळातच काही नाही, असं वाटतं. कबड्डी सोडू का?"

महाविद्यालयाच्या संघातली ही चढाईपटू सामन्यानंतर आठवड्याभराने माझ्याकडे आली. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कबड्डी सोडायची की नाही, हा निर्णय मी तिला तेव्हा घेऊ दिला नाही. तो निर्णय हरल्यानंतरच्या आठवड्यात घ्यायचा नसतोच. मी तिला दोनच गोष्टी आणायला सांगितल्या: सामन्याचा गुणतक्ता आणि मैत्रिणीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ.

आधी गुणतक्ता घेतला. सामना 29-27 असा गेला होता. पहिल्या सत्रात तिच्या संघावर एक लोण चढला होता, म्हणजे अख्खा संघ बाद आणि प्रतिस्पर्ध्यांना दोन जादा गुण. फरकही दोनचाच. ती लगेच म्हणाली, "म्हणजे लोण चढला तिथे आम्ही हरलो?" तसंही नाही. लोण, डाव्या कोपऱ्यातून सुटलेल्या पकडी, दोन हुकलेले बोनस, यातलं काहीही वेगळं झालं असतं तरी निकाल बदलला असता. शेवटची चढाई डोक्यात घर करून बसते ती शेवटची असते म्हणून. गुणतक्त्यात पहिल्या मिनिटातला गुण आणि शेवटच्या मिनिटातला गुण सारख्याच किमतीचा असतो. दोष दुसऱ्यांवर ढकलण्यासाठी मी हे दाखवलं नाही. तिने सगळा सामना एका चढाईत कोंबला होता, तो मला पुन्हा पूर्ण लांबीचा करायचा होता.

मग व्हिडिओ. यात एक अट घातली. मैत्रिणीने प्रत्येक चढाई स्पर्श किंवा पकड होण्याच्या क्षणाआधी थांबवायची. पुढे काय झालं ते न बघता हिने तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. मध्यरेषा ओलांडण्याआधी समोरचे खेळाडू मोजले होते का? कोणाला लक्ष्य करायचं ते ठरलं होतं का? परतायला पुरेसे सेकंद हातात ठेवले होते का? चढाईला तीसच सेकंद मिळतात, त्यामुळे तिसरा प्रश्न कळीचा. उत्तरं लिहून झाली की मगच चढाईचा निकाल बघायचा आणि शेजारच्या रकान्यात भरायचा.

तिला अर्थात निकाल आधीच आठवत होते, म्हणून हा डाव पूर्ण निर्दोष नाही. पण शब्दांत उत्तर लिहावं लागलं की डोळा पायांकडे आणि घड्याळाकडे जातो, एवढं नक्की होतं.

तिच्या एकूण चौदा चढाया होत्या. सहांमध्ये गुण आले, पाच रिकाम्या गेल्या, तीनदा पकड झाली. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्यावर ती बराच वेळ गप्प होती. गुण आणणाऱ्या सहांपैकी दोन चढाया मुळात वाईट होत्या. ती काही न ठरवता आत घुसली होती आणि समोरच्या मध्यरक्षकाने घाई केली म्हणून वाचली. उलट दुसऱ्या सत्रातल्या एका पकडीत तिने तिन्ही गोष्टी नीट केल्या होत्या. समोरच्या दोघींनी साखळी इतकी अचूक लावली की सुटायला जागाच नव्हती. त्या दोन वाईट चढायांना टाळ्या मिळाल्या होत्या आणि या चांगल्या चढाईबद्दल ती आठवडाभर स्वतःला बोल लावत होती.

आणि शेवटची चढाई? ती खरंच चुकीची होती. हे मी तिच्यापासून लपवलं नाही, कारण खोटा दिलासा खेळाडूला लगेच कळतो. धावफलक 28-27, समोर सहा जणी, आधीच्या दोन चढाया रिकाम्या, म्हणून ही तिसरी, 'करो या मरो'ची: गुण आणायचा, नाहीतर बाद. समोर सहा किंवा जास्त असताना बोनस चालू असतो. बोनस रेषेपलीकडे एक पाय, दुसरा हवेत, आणि परत: एवढ्यावर बरोबरी झाली असती आणि सामना पुढे चालला असता. तिने समोरच्या जणी मोजल्याच नव्हत्या. बावीसाव्या सेकंदापर्यंत ती निदानरेषेजवळ रेंगाळली, मग घाईने डाव्या कोपऱ्याकडे पाय टाकला आणि घोटा धरला गेला.

'मोजलं नाही' आणि 'माझ्यात मुळातच काही नाही' या दोन कारणांमधलं अंतर मला तिला दाखवायचं होतं. बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाने यशापयशाची कारणं माणसं कशी लावतात याची मांडणी केली आहे, ती इथे उपयोगी पडते. कारण माझ्यातलं की बाहेरचं, कायमचं की बदलणारं, माझ्या हातातलं की नाही, असे तीन प्रश्न. 'मुळातच काही नाही' हे कारण आतलं, कायमचं आणि हाताबाहेरचं. त्यावर करण्यासारखं काहीच उरत नाही. 'मोजलं नाही' हेही आतलंच आहे, पण ते पुढच्या सरावात बदलता येतं.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली. सामन्यानंतर ती पहाटे एकटीच धावत होती, पाय दुखेपर्यंत. घरचे म्हणत, "बघा, जिद्दीने मेहनत करतेय." मला ती शिक्षा वाटली. 'मेहनत कमी पडली' हा आपल्याकडचा ठरलेला निष्कर्ष आहे आणि इथे तो साफ चुकीचा होता. तिचा दम शेवटच्या मिनिटापर्यंत टिकला होता. कमी पडली ती दडपणाखाली मोजण्याची सवय, आणि धावून ती लागत नाही. पहाटेचं धावणं बंद करायला लावलं. त्याऐवजी सरावात प्रत्येक चढाईआधी समोरच्यांची संख्या मोठ्याने म्हणायची आणि तिसऱ्या चढाईचा प्रसंग मुद्दाम घडवून आणायचा, हे तिने सरांशी बोलून ठरवलं. ती भेट तिला सर्वांत जड गेली. सर सामन्यानंतर गप्प का होते, तर लोणाच्या वेळी टाइमआउट घ्यायला हवा होता, हे त्यांनाच खात होतं.

लायकीचा प्रश्न मात्र गुणतक्त्याने सुटत नाही. तिच्या संघाच्या डाव्या कोपरारक्षकाच्या पाच पकडी फसल्या होत्या. मी विचारलं, "तिच्यात मुळातच काही नाही, असं वाटतं का तुला?" ती चिडलीच. "कसं वाटेल? ती माझ्यासाठी पाणी घेऊन धावते, दुखापत झाली तेव्हा रोज घरी आली." मैत्रिणीला मोजताना तिने पकडी मोजल्याच नाहीत. मी तिला भारतीय महिला संघाची आठवण दिली. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हा संघ अंतिम सामना इराणकडून 24-27 असा हरला, आणि पुढच्या, 2023 मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत 26-25 असा जिंकला. एका गुणाने सुवर्ण मिळतं. तो गुण हुकला असता तर त्या मुली माणूस म्हणून कमी ठरल्या असत्या, असं तीही म्हणाली नसती.

सगळंच उदासपण गुणतक्त्याने हटत नाही, हेही सांगायला हवं. दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण जागेवर येत नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगावंसं वाटत नसेल, तर तो सामन्याच्या विश्लेषणाचा विषय राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. 14416 या टेली मानसच्या क्रमांकावर कधीही मोफत बोलता येतं. हिला ती वेळ आली नाही. तिसऱ्या भेटीपर्यंत ती संघासोबत डबा खायला लागली होती.

पुढच्या स्पर्धेत तिसऱ्या चढाईवर ती पुन्हा पकडली गेली. संध्याकाळी तिने मला वहीतल्या नोंदीचा फोटो पाठवला: "समोर पाच. बोनस नाही. लक्ष्य उजवा कोपरा, ठरलेलं. आत गेले अकराव्या सेकंदाला. पाय उशिरा काढला. उद्या सरांकडून घोट्याची पकड सोडवायचा सराव."