‘महालक्ष्मीच्या शुभेच्छा!’ आणि त्याला द्यायचं उत्तर

प्रश्न: माझ्या ऑफिसातल्या परभणीच्या सहकाऱ्यांनी घरच्या सजावटीचा फोटो पाठवलाय. साडी नेसवलेल्या दोन उभ्या देवी, पुढे दोन छोट्या मूर्ती, वर काहीतरी तळलेलं टांगलंय. खाली ‘महालक्ष्मीच्या शुभेच्छा’ असं लिहिलंय. मी रत्नागिरीची, आमच्याकडे याला गौरी म्हणतात. उत्तरात ‘गौरी छान आहेत’ लिहू की ‘महालक्ष्मी’? ‘मूर्ती’ म्हटलेलं चालतं का? मखर, आरास, डेकोरेशन यांतलं काय लिहू? त्यांना बरं वाटावं, पण भलतंच काही गृहीत धरलं जाऊ नये.

उत्तर: त्यांनी ‘महालक्ष्मी’ लिहिलंय, तर तुम्हीही महालक्ष्मीच लिहा. इथे ‘गौरी’ चुकीचं नाही, पण ते तुमच्या घरचं नाव झालं आणि फोटो त्यांच्या घरचा आहे.

सण एकच आहे. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर देवी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचं पूजन होतं आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. पूजनाच्या नक्षत्रावरून पंचांगात ‘ज्येष्ठागौरी’ छापतात. मराठवाड्यात आणि विदर्भात मात्र रोजच्या बोलण्यात ‘गौरी’ क्वचितच ऐकू येतं. तिथे ‘आमच्याकडे महालक्ष्म्या असतात’ असंच म्हणतात. या नावाला तिथे इतकं वजन आहे की ‘महालक्ष्म्यांना गावी जातोय’ म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

तुमच्या कोकणात काही घरी तेरड्याच्या रोपांची जुडी बांधून तिला मुखवटा लावतात आणि साडी नेसवतात. काही घरी पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणतात, आणणारीने वाटेत बोलायचं नसतं, आणि ते खडे हीच गौर. त्या घरच्या फोटोत तांब्या-ताम्हनाशेजारी चार-दोन खडे आणि हळदकुंकू एवढंच दिसेल. तो पाहून ‘अजून गौरी बसवल्या नाहीत का?’ असं विचारणारे मी पाहिले आहेत. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ज्यांच्या घरी चार पिढ्या खडेच पुजले जातात त्यांना ते लागतं.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. ‘महालक्ष्मी’ म्हटलं की कोकणस्थ घरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आश्विनातली अष्टमी येते: तांदळाच्या उकडीचा मुखवटा, उभी देवी, रात्री घागरी फुंकणं. दुसऱ्या कोणाला मार्गशीर्षातले गुरुवार आठवतील, त्यात कलशावर नारळ आणि पुष्कळदा त्याला लावलेला मुखवटा असतो. शेजारी तेलुगू किंवा कन्नड कुटुंब असेल, तर साधारण असाच कलश श्रावणातल्या शुक्रवारी वरलक्ष्मी म्हणून पुजलेला दिसेल. ‘गौर’ हा शब्दही एका सणाचा नाही. चैत्रगौर झोपाळ्यात बसते, तिच्यासमोर आंब्याची डाळ आणि पन्हं असतं. म्हणजे नुसता फोटो पाहून नाव ठरवू नका. आधी महिना बघा, आणि पाठवणाऱ्याने काही लिहिलं असेल तर त्यांचाच शब्द घ्या. काहीच लिहिलं नसेल तर ‘देवीची आरास’ म्हणा, ते कुठल्याही घरी खपतं.

नाव ठरलं की वचनाचा प्रश्न येतो, आणि इथे चांगले लिहिणारेही अडखळतात. फोटोत देवी दोन आहेत, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. ‘गौर’चं अनेकवचन ‘गौरी’, ‘महालक्ष्मी’चं ‘महालक्ष्म्या’. म्हणून ‘गौरी आल्या’, ‘महालक्ष्म्या आल्या’. सणाचं नाव म्हणून मात्र एकवचन सर्रास चालतं, म्हणून त्यांचं ‘महालक्ष्मीच्या शुभेच्छा’ बरोबर आहे. तुम्ही त्या दोघींविषयी बोलणार असाल तर ‘महालक्ष्म्या सुंदर दिसताहेत’ लिहा. ‘महालक्ष्मी सुंदर दिसतेय’ लिहिलंत तरी कोणी रागावणार नाही, फक्त दोघींपैकी कोणती असं थट्टेने विचारतील.

देवाला एकेरी की आदरार्थी, हा तुम्ही विचारला नाहीत तरी फोटोच्या उत्तरात डोकावणारा प्रश्न. मराठीत दोन्ही चालतं आणि दोन्हींत आदर आहे. ‘गौर आली’ हे एकेरी, लेक माहेरी आल्यासारखं. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हे अहो-जाहो. गणपतीच्या फोटोवर ‘बाप्पा किती गोड आहे’ आणि ‘बाप्पा विराजमान झाले’ ही दोन्ही वाक्यं मराठीच आहेत. फक्त एकाच ओळीत ‘बाप्पा आले आणि छान दिसतोय’ अशी खिचडी करू नका.

आता ‘मूर्ती’. हा शब्द अजिबात अनादराचा नाही. देवाच्या प्रतिमेला मूर्ती आणि माणसाच्या प्रतिमेला पुतळा, ही मराठीची पक्की वाटणी आहे. देवाच्या मूर्तीला पुतळा म्हटलं तर मात्र खटकेल. अडचण निराळी आहे. घरात पूजा झाल्यावर त्या घरची माणसं सहसा ‘मूर्ती’ म्हणत नाहीत. ‘आमचा गणपती’, ‘आमच्या महालक्ष्म्या’ असं म्हणतात. खरं तर पूजेआधीही कारखान्यात जाऊन लोक ‘गणपती ठरवला’ असंच सांगतात. त्यामुळे ‘मूर्ती छान आहे’ हे मूर्तिकाराच्या हाताचं कौतुक वाटतं आणि ‘महालक्ष्म्या प्रसन्न दिसताहेत’ हे त्यांच्या घरच्या देवींविषयी बोललेलं वाटतं. तुम्हाला घडणच आवडली असेल तर खुशाल ‘मुखवटे फार सुबक आहेत’ म्हणा. मुखवटे पितळी, शाडूचे, चांदीचे, कापडी, कसलेही असतात, आणि काही घरी ते पणजीच्या काळापासूनचे असतात. म्हणून ‘नवीन घेतले का?’ हे तेवढं टाळा. ‘मुखवटे कधीचे आहेत?’ असं विचारलंत तर कदाचित एक चांगली हकिगत ऐकायला मिळेल.

मखर, आरास, डेकोरेशन हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मखर म्हणजे देवासाठी केलेली चौकट किंवा देव्हाऱ्यासारखी बांधणी, ज्यात देव बसवतात. (डोहाळेजेवणात पोटुशी बाईसुद्धा मखरात बसते, म्हणजे हा शब्द फक्त देवाचा नाही.) तुम्ही सांगता त्यावरून या फोटोत चौकट दिसत नाही, मागे पडदा असावा आणि दिव्यांची माळ. त्याला मखर म्हणू नका. आरास म्हणजे सगळी मांडणी: पडदा, दिवे, फुलं, रांगोळी, समोर ठेवलेली फळं, सगळं त्यात आलं. डेकोरेशन आता मराठीच झालंय आणि बोलताना ते कोणाला खटकत नाही. पण लिहिलेल्या शुभेच्छेत ‘आरास’ जास्त शोभतो. गोव्याचा फोटो असेल तर गणपतीच्या डोक्यावर फळांनी आणि रानवेलींनी लगडलेली लाकडी चौकट दिसेल. ती माटोळी, सिंधुदुर्गात माटवी. ‘छताची सजावट मस्त’ म्हणण्यापेक्षा ‘माटोळी भरगच्च आहे’ म्हटलंत तर समोरच्याला कळतं की तुम्ही नीट पाहिलंय.

तसंच तुमच्या फोटोतलं ‘तळलेलं काहीतरी’. तो बहुतेक फुलोरा. करंज्या, पुऱ्या, साटोऱ्या असे तळलेले पदार्थ दोऱ्यात ओवून देवींच्या डोक्यावर टांगतात. पुढच्या दोन छोट्या मूर्ती म्हणजे महालक्ष्म्यांची मुलं, त्यांना पुष्कळ घरी ‘पिलवंडं’ म्हणतात. पण हा शब्द त्यांच्या घरी वापरतात की नाही हे फोटोवरून कळणार नाही, म्हणून तो त्यांच्याकडूनच ऐका. फुलोऱ्याचंही तसंच: ‘वर फुलोरा आहे ना?’ असा प्रश्न करा, ‘फुलोरा कमी दिसतोय’ असा शेरा नको.

शब्द बरोबर असूनही उत्तर बिघडतं ते मुख्यतः ‘पण’ आणि ‘च’ने. ‘साधीच पण छान आरास’ या वाक्यात कौतुक आहे असं लिहिणाऱ्याला वाटतं. वाचणाऱ्याला आधी ‘साधीच’ दिसतं. कदाचित घरात आजारपण असेल, कदाचित त्यांना एवढीच आरास आवडत असेल. ‘च’ आणि ‘पण’ काढले की ‘साधी, छान आरास’ उरते आणि तिचा अर्थ पालटतो. ‘दीडच दिवस?’ हेही तसंच. ‘किती दिवसांचा गणपती?’ हा आपल्याकडे सगळे सगळ्यांना विचारतात तो प्रश्न आहे, ‘च’ लागला की त्यात तक्रार येते.

दुसरं गृहीतक म्हणजे ‘वहिनींनी काय सुंदर सजवलंय!’ वहिनी आहेत का, आहेत तर सजावट त्यांनीच केली का, हे फोटो सांगत नाही. साडीच्या निऱ्या त्या सहकाऱ्यांनीच घातल्या असतील, नाही कशावरून? आमच्या ओळखीच्या एका घरी थोरले काकाच नेसवतात, आणि बायका लांबून ‘पदर जरा वर’ एवढंच सांगतात. ‘कोणी नेसवल्या साड्या?’ असं विचारा. मागच्या वर्षीचा फोटो आठवून ‘या वेळी एवढं का कमी?’ हेही नको. सुतक असलं की ते वर्ष निराळं जातं, आणि ते काही कोणी शुभेच्छेसोबत लिहून पाठवत नाही.

‘घरबसल्या दर्शन झालं’ हे उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात मनापासूनची आपुलकी आहे. पण ते भाविकाचं वाक्य आहे. तुमची तशी श्रद्धा नसेल किंवा तुमचा धर्म वेगळा असेल, तर ओढूनताणून लिहू नका. ‘फोटो पाहून प्रसन्न वाटलं’ हे प्रत्येकाला खरेपणाने म्हणता येतं.

तर तुमच्यासाठी मी असं लिहीन:

‘तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना महालक्ष्मीच्या शुभेच्छा! आरास फार सुंदर झालीये, दोघींचे मुखवटे तर बघत राहावेत असे. वर फुलोरा आहे ना? आमच्याकडे कोकणात तेरड्याच्या गौरी असतात, त्यामुळे तुमच्याकडची पद्धत ऐकायला आवडेल.’

(तुमच्याकडे खड्यांच्या असतील तर तसं लिहा.) आपल्या घरचं नाव असं शेवटी आलं की त्यांचं नाव दुरुस्त केल्यासारखं वाटत नाही. लेखनाचं एकच सांगतो: ‘कुटुंबीयांना’ लिहिणार असाल तर ‘बी’ दीर्घ. आणि ते परभणीचे, म्हणजे उलट उत्तरात ‘जेवायला या’ येण्याची शक्यता बरीच आहे. पूजनाच्या दिवशीचं महालक्ष्म्यांचं जेवण असेल तर पुरणपोळी, भाज्यांची रांग आणि पुष्कळ घरी ज्वारीची आंबील. त्याला ‘जमलं तर बघते’ असं लिहू नका. जाणार असाल तर ‘नक्की येते’, नाहीतर ‘या वेळी जमणार नाही, प्रसाद ठेवा’.