ऑरावाला मायग्रेन असताना इस्ट्रोजेनची गोळी चालते का?

प्रश्न: मी 29 वर्षांची आहे, तीन वर्षं गर्भनिरोधक गोळी चालू आहे (पीसीओएसमुळे सुरू केली होती, आता गरोदरपण नको म्हणूनही). गेल्या काही महिन्यांत चार वेळा डोळ्यासमोर चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा आल्या, वीसेक मिनिटं राहिल्या, मग अर्धं डोकं ठणकलं. एमआरआय नॉर्मल आहे. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले गोळी लगेच बंद करा, स्ट्रोकची भीती असते. खरंच एवढी भीती आहे का? आणि बंद केली तर दुसरं काय घ्यायचं?

उत्तर:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि गर्भनिरोधनाचा सल्ला हे माझं रोजचं काम आहे. न्यूरोलॉजिस्टनी सांगितलंय ते बरोबर आहे, ती गोळी थांबवा. फक्त त्यांच्या वाक्यात एक गोष्ट राहून गेली, की थांबवायचंय ते तुमच्या गोळीतलं इस्ट्रोजेन, गर्भनिरोधन नाही. हे नीट न सांगितल्यामुळे बऱ्याच जणी गोळी बंद करून तशाच राहतात आणि दोन-तीन महिन्यांनी नको असलेलं गरोदरपण घेऊन येतात, आणि गरोदरपणात अन् बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका स्वतःच वाढलेला असतो, म्हणजे ज्या भीतीने गोळी सोडली तीच दुसऱ्या दाराने आत आली.

आधी तुम्हाला होतंय ते खरंच ऑरा, म्हणजे मायग्रेनच्या डोकेदुखीआधी येणारी तात्पुरती लक्षणं, आहे का ते बघू, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. डोकं दुखताना उजेड सहन न होणं, डोळ्यापुढे क्षणभर अंधारी येणं, दोन्ही डोळ्यांना सगळं जरा धूसर दिसणं, याला ऑरा म्हणत नाहीत. ऑरा हळूहळू पसरतो. एखादा चमकता ठिपका येतो, तो पाचेक मिनिटांत नागमोडी रेषांचा होतो, नजरेच्या एका बाजूला सरकत जातो, मध्ये थोडा भाग दिसेनासा होतो, आणि 5 ते 60 मिनिटांत सगळं आपोआप जातं, त्यानंतर (किंवा त्याच वेळी) डोकं दुखायला लागतं. काहींना बोटांपासून मुंग्या सुरू होऊन हातावर आणि मग तोंडाच्या त्याच बाजूला चढतात, काहींना शब्द सापडत नाहीत. हे असं सरकत जाण्याचं कारण म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरून एक विद्युत लाट मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर इतक्या सावकाश वेगाने जाते आणि तिच्या मागे त्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो. तुमचं वर्णन, चार वेळा तेच, वीस मिनिटं, मग एका बाजूचं डोकं, हे यात अगदी बसतं, म्हणून मी तरी याला ऑरा धरूनच चालेन.

आता भीती किती. 20 ते 44 वयाच्या बायकांमध्ये मायग्रेन नाही आणि हार्मोनवालं गर्भनिरोधक नाही अशा एक लाख जणींपैकी वर्षाला साधारण 2.5 जणींना रक्तवाहिनी तुंबून होणारा स्ट्रोक येतो. ऑरासह मायग्रेन आहे पण गोळी नाही, तर हा आकडा 5.9 धरतात. ऑरा आणि गोळी दोन्ही, तर 36.9. हे युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने काढलेले अंदाज आहेत. म्हणजे बघा, घाबरून झोप उडावी असं काही नाही, लाखातल्या 99,900 हून जास्त जणींना त्या वर्षात काहीही होत नाही. पण दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोका नुसता बेरजेने नाही तर उडी मारून वर जातो, आणि जो स्ट्रोक येतो तो तिशीतल्या बाईला, कधीकधी कायमचं बोलणं किंवा हात घेऊन जाणारा. तेवढंच काम करणारी, इस्ट्रोजेन नसलेली साधनं हाताशी असताना हा धोका घ्यायला मला एकही कारण दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांतही ऑरासह मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेनवाली गोळी चौथ्या श्रेणीत येते, म्हणजे वापरूच नये, वय कितीही असो. ऑरा नसलेल्या साध्या मायग्रेनला मात्र इतका कडक नियम नाही, तिथे वय, बीपी, सिगारेट बघून ठरवतात, म्हणून मैत्रिणीला मायग्रेन असूनही तिची गोळी चालू असेल तर तिचं बघून ठरवू नका.

असं का होतं तर गोळीतलं इथिनिल इस्ट्राडिओल हे इस्ट्रोजेन लिव्हरमधून जाताना रक्त गोठवणारे घटक वाढवतं आणि गोठणं रोखणारं प्रोटीन एस कमी करतं. ऑराच्या वेळी मेंदूचा रक्तप्रवाह आधीच खालीवर होत असतो, त्यात रक्त गोठायला जरा जास्त तयार, असं ते जुळून येतं. यातच सिगारेट किंवा 140/90 च्या वरचं बीपी असेल तर आणखी भर. तुम्ही बीपीचा उल्लेख केला नाही, ते या आठवड्यात मोजून घ्या.

तीन प्रश्न मला हमखास विचारले जातात. एमआरआय नॉर्मल आहे मग चालेल का? नाही, कारण एमआरआय आत्तापर्यंत काही झालंय का ते सांगतो, पुढचा धोका सांगत नाही. कमी डोसची, 20 मायक्रोग्रॅमवाली चालेल का? डोस कमी केला की धोका थोडा कमी होत असेल, पण शून्य होत नाही आणि नियम तोच राहतो, पॅच आणि योनीत ठेवायची रिंग यांतही इस्ट्रोजेन असतं म्हणून त्याही यातच आल्या, आणि पिंपल्ससाठी देतात ती सायप्रोटेरोनवाली गोळीसुद्धा. सोबत अॅस्पिरिन घेतली तर? तरीही नाही, अॅस्पिरिनमुळे ही गोळी घ्यायची परवानगी मिळत नाही.

आता पर्याय. तुमच्या जागी मी सगळ्यात आधी डेसोजेस्ट्रेल 75 मायक्रोग्रॅमचा विचार करेन, ही फक्त प्रोजेस्टेरॉन गटातली गोळी, इस्ट्रोजेन अजिबात नाही. रोज एक, मध्ये सात दिवसांची सुट्टी नाही, पाकीट संपलं की लगेच दुसरं. वेळ 12 तासांपर्यंत चुकली तर चालतं, त्याहून उशीर झाला तर पुढचे काही दिवस कंडोम वापरावा लागतो. ही बहुतेक महिन्यांत अंडं बाहेर पडणंच थांबवते म्हणून भरवशाची आहे, आणि काही छोट्या अभ्यासांत ऑरावाल्या मायग्रेनचे दिवस कमी झालेलेही दिसलेत, प्रत्येकीला तसं होईलच असं मात्र मी सांगणार नाही. त्रास काय तर रक्तस्राव. पहिले तीन-चार महिने कधीही थोडंसं डाग पडणं, कधी पाळीच न येणं, हे इतकं वैतागवाणं असतं की कित्येक जणी तिथेच सोडतात. हे आधीच माहीत असलं तर तग धरता येतो.

बदलायचं कसं तेही सांगते. समजा तुमच्या आत्ताच्या पाकिटातली तुम्ही बाराव्या गोळीवर आहात आणि एकही चुकली नाही, तर आज रात्री जुनी घ्यायची नाही, त्या जागी नवी सुरू, मध्ये एकही दिवस रिकामा नको. हळूहळू कमी करत जायची काही गरज नसते. सावध राहायची वेळ म्हणजे सुट्टीचा आठवडा आणि नवीन पाकिटाचा पहिला आठवडा, कारण तेव्हा शरीरात हार्मोन नुकतं कमी झालेलं असतं आणि आधीच्या दिवसांत संबंध आलेला असेल तर तातडीची गोळी लागते का ते डॉक्टरांना विचारावं लागतं. ती 1.5 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी ऑरावाल्यांनाही चालते, तिच्यात इस्ट्रोजेन नाही. बदलताना एक आठवडा कंडोमही वापरलात तर काही बिघडत नाही.

रोजची गोळी नकोच असेल तर गर्भाशयात बसवायची हार्मोनवाली कॉइल मला तुमच्यासाठी फार योग्य वाटते आणि त्याचं कारण तुमचं पीसीओएस. तुमची पाळी स्वतःची नियमित नसेल तर गोळी थांबल्यावर महिनोन् महिने येणारही नाही, आणि पाळी न येता गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहणं चांगलं नाही. कॉइल ते अस्तर पातळ ठेवते, वर्षानुवर्षं गर्भनिरोधन देते आणि तिचं हार्मोन मुख्यतः जागेवरच काम करतं. पिंपल्स किंवा केसांसाठी गोळीचा जो फायदा व्हायचा तो मात्र जाईल, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडून वेगळे उपाय करावे लागतील, हे मी लपवणार नाही. हार्मोन अजिबातच नको असेल तर कॉपर टी, मायग्रेनशी तिचा काहीच संबंध नाही, पण पाळीत रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते. दंडात बसवायचं इम्प्लांटही चालतं. तीन महिन्यांचं इंजेक्शन मी शेवटी ठेवते, कारण एकदा दिलं की काही त्रास झाला तरी काढून घेता येत नाही.

आता एक गोष्ट जी न्यूरोलॉजिस्ट आणि आमच्यासारखे यांच्या मध्ये हरवते. मायग्रेन रोखायला तुम्हाला टोपिरामेट दिलंय का किंवा पुढे देणार आहेत का? ते औषध लिव्हरमधलं काम वाढवून गर्भनिरोधक हार्मोन लवकर संपवतं, विशेषतः दिवसाला 200 मिलिग्रॅमपासून पुढे, त्यामुळे डेसोजेस्ट्रेलची गोळी आणि इम्प्लांट दोन्हींवर भरवसा राहत नाही, आणि वर ते गर्भाला अपाय करणारं औषध आहे, म्हणजे नेमकं जेव्हा गर्भ राहायलाच नको तेव्हा गोळी फसते. टोपिरामेट चालू असेल तर माझं उत्तर बदलतं, मग कॉपर टी किंवा हार्मोनवाली कॉइलच घ्या, त्यांच्यावर याचा परिणाम होत नाही. मायग्रेन रोखायलाच देतात त्या व्हॅल्प्रोएटने गोळी फसत नाही पण गर्भासाठी तेही घातकच, म्हणून मायग्रेनचं प्रिस्क्रिप्शन स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि गर्भनिरोधकाचं न्यूरोलॉजिस्टना, दोघांनी एकमेकांना विचारलं असेल असं धरून चालू नका.

गोळी बंद केल्यावरही ऑरा येत राहू शकतो, त्याने दचकू नका, ऑरावाला मायग्रेन तुमचा आहेच. पण यातलं काही झालं तर घरी झोपून वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं: त्रास सरकत न येता एका क्षणात आला, एका बाजूचा हात किंवा पाय खरंच लुळा पडला, तोंड वाकडं झालं, रेषा चमकण्याऐवजी एकदम दिसेनासंच झालं, किंवा ऑरा तासाच्या पुढे गेला. तिथे पहिल्या वाक्यात सांगा की मला ऑरा येतो आणि मी इस्ट्रोजेनची गोळी घेत होते, शेवटची अमुक तारखेला घेतली.